वाळवणीचे वक्र: बिबडे, कांदा, मिरची आणि केळी घेऊन सोडवायची गणितं

अन्नप्रक्रिया, तिसरं वर्ष. परीक्षेआधीचा सराव, जळगाव

मागच्या चाचणीत निम्म्याहून जास्त मुलांचं गणित पहिल्याच ओळीत फसलं. ओलावा ओल्या आधारावर दिला होता आणि तो तसाच सूत्रात घातला गेला. वाळवणीच्या सूत्रांतला X म्हणजे एक किलो कोरड्या मालामागे किती किलो पाणी. माल वाळताना पाणी कमी होतं, ओल्या मालाचं वजनही कमी होतं. न बदलणारी गोष्ट एकच, कोरडा माल. म्हणून सगळा हिशेब त्याच्यावर. खालच्या सूत्रातला W म्हणजे ओल्या आधारावरचा ओलावा, अपूर्णांकात.

X = W / (1 − W)

८४ टक्के ओलाव्याचा पांढरा कांदा घ्या. X = ०.८४/०.१६ = ५.२५. तोच ५ टक्क्यांवर आणला की X = ०.०५/०.९५ = ०.०५२६. शंभर किलो कांद्यात कोरडा माल १६ किलो, तयार काप १६/०.९५ = १६.८ किलो, उडालेलं पाणी ८३.२ किलो. '८४ वजा ५ म्हणजे ७९ किलो' असं लिहिलं तर शून्य गुण.

लागणारी सूत्रं थोडी आहेत. Ls म्हणजे कोरडा माल (किग्रॅ), A म्हणजे हवा लागणारं क्षेत्रफळ (मी²), Rc म्हणजे स्थिर दर (किग्रॅ पाणी दर मी² दर तास), Xi सुरुवातीचा ओलावा, Xc क्रांतिक ओलावा, Xf शेवटचा ओलावा, Xe समतोल ओलावा.

स्थिर दर: t = (Ls / A·Rc)(Xi − Xc)

घटता दर: t = (Ls / A·Rc)(Xc − Xe) ln[(Xc − Xe)/(Xf − Xe)]

दुसरं सूत्र फक्त तेव्हाच चालतं, जेव्हा घटत्या टप्प्यात दर सरळ रेषेत खाली येतो आणि Xe पाशी शून्य होतो. हे गृहीतक उत्तरपत्रिकेत लिहा. परीक्षक ते शोधत असतो.

प्रश्न १. ज्वारीचे बिबडे

चैत्रात गच्चीवर ओलं धोतर पसरून त्यावर बिबडे थापलेले तुम्ही पाहिले आहेतच. तेच पीठ आपण प्रयोगशाळेतल्या ट्रेमध्ये थापलं. शिजवलेलं पीठ १ किलो, ओलावा ७५ टक्के, ट्रे ०.५ मी², माल फक्त वरून वाळतो. ट्रे गरम झाल्यावर मोजायला सुरुवात केली आणि दर १५ मिनिटांनी वजन घेतलं.

| वेळ (मिनिटं) | वजन (ग्रॅम) |
|---|---|
| ० | १००० |
| १५ | ८७५ |
| ३० | ७५० |
| ४५ | ६२५ |
| ६० | ५२० |
| ७५ | ४४६ |
| ९० | ३९५ |
| १०५ | ३५९ |
| १२० | ३३४ |

(अ) दर आणि ओलावा यांचा वक्र काढा. (आ) Xc आणि Xe वाचा. (इ) ओलावा १५ टक्के (ओला आधार) व्हायला एकूण किती वेळ? (ई) १२ टक्के हवा असेल तर?

उकल. कोरडा माल २५० ग्रॅम. दर काढताना प्रत्येक टप्प्यातली घट ०.५ मी² आणि ०.२५ तास यांनी भागायची. पहिल्या तीन टप्प्यांत घट १२५ ग्रॅम, म्हणून दर १.०० किग्रॅ/मी²·तास. पुढे १०५, ७४, ५१, ३६, २५ ग्रॅम, दर ०.८४, ०.५९, ०.४१, ०.२९, ०.२०.

हे दर कुठल्या X समोर मांडायचे? टप्प्याच्या सुरुवातीच्या नाही, शेवटच्याही नाही, दोन्हींच्या सरासरीसमोर: २.७५, २.२५, १.७५, १.२९, ०.९३, ०.६८, ०.५१, ०.३९. पट्टी ठेवली की आडवी रेघ आणि तिरकी रेघ X ≈ १.५ पाशी भेटतात. तो Xc. तिरकी रेघ खाली वाढवली की X-अक्षाला ०.१ च्या आसपास टेकते. तो Xe. कुणाचं ०.०९ येईल, कुणाचं ०.११, दोन्ही मान्य.

आडव्या रेघेच्या काळात पिठाच्या पृष्ठभागावर पाण्याचा थर कायम असतो. आतून पाणी येतं तेवढंच वर उडतं, आणि किती उडेल हे हवा ठरवते: तिचं तापमान, कोरडेपणा, वेग. पिठाचं तापमान या काळात ओल्या बल्बच्या तापमानाला धरून राहतं. Xc नंतर पृष्ठभागावर कोरडे ठिपके पडायला लागतात आणि कारभार मालाच्या आतल्या वाटांकडे जातो. पंखा जोरात लावून आता फारसा फायदा नाही.

(इ) Xf = ०.१५/०.८५ = ०.१७६५. स्थिर टप्पा: ०.२५ × (३.० − १.५)/(०.५ × १.०) = ०.७५ तास. घटता टप्पा: ०.२५ × १.४/०.५ × ln(१.४/०.०७६५) = ०.७ × २.९१ = २.०४ तास. एकूण २.७९ तास.

(ई) Xf = ०.१२/०.८८ = ०.१३६४. ०.७ × ln(१.४/०.०३६४) = ०.७ × ३.६५ = २.५५ तास. एकूण ३.३० तास, म्हणजे जवळजवळ अर्धा तास जास्त. त्या अर्ध्या तासात निघालं किती? (०.१७६५ − ०.१३६४) × २५० = १० ग्रॅम. सुरुवातीच्या अर्ध्या तासात याच ट्रेमधून २५० ग्रॅम निघालं होतं. बिबडा हातात मोडून 'झाला' म्हणणाऱ्या बाईला हे सूत्राशिवाय ठाऊक असतं. शेवटचं पाणी हट्टी असतं म्हणूनच ती आणखी एक ऊन देते.

प्रश्न २. पांढरा कांदा, उन्हाळा आणि पावसाळा

ट्रे ड्रायरमध्ये कांद्याचे काप दर मी² ला ६ किलो. Xi = ५.२५, Xc = २.५, शेवटचा ओलावा ५ टक्के. हवा ६५ अंश से., वेग २ मी/से, ट्रेला समांतर, घनता १.०४ किग्रॅ/मी³. उन्हाळ्यात बाहेरच्या हवेत दर किलो कोरड्या हवेमागे ०.०१२ किलो बाष्प; ती ६५ अंशांपर्यंत तापवली की ओल्या बल्बचं तापमान ३० अंश, λ = २४३० किजू/किग्रॅ, Xe = ०.०३. पावसाळ्यात ०.०२० किलो बाष्प, ओला बल्ब ३३.५ अंश, λ = २४२१, Xe = ०.०४. दोन्ही ऋतूंत लागणारा वेळ काढा.

h = 0.0204 G^0.8 (G किग्रॅ/मी²·तास, h वॅट/मी²·से)

Rc = h(T − Tw)/λ

उकल. G = २ × १.०४ × ३६०० = ७४८८. G^0.8 कॅल्क्युलेटरवर सुमारे १२५७, म्हणून h ≈ २५.६. उन्हाळा: २५.६ × ३५ = ८९६ वॅट/मी². तासाच्या हिशेबात ८९६ × ३६००/२४३०००० = १.३३ किग्रॅ/मी²·तास. इथे वॅट आणि किलोजूल यांची सरमिसळ होऊन उत्तर हजारपट चुकतं. एकक प्रत्येक ओळीत लिहा.

कोरडा माल दर मी² ला ६ × ०.१६ = ०.९६ किलो.

स्थिर टप्पा: ०.९६ × २.७५/१.३३ = १.९९ तास. घटता टप्पा: ०.९६ × २.४७/१.३३ × ln(२.४७/०.०२२६) ≈ १.७९ × ४.६९ = ८.४ तास. एकूण सुमारे १०.४ तास.

पावसाळा: Rc = २५.६ × ३१.५ × ३६००/२४२१००० = १.२० किग्रॅ/मी²·तास. स्थिर टप्पा २.२० तास. घटता टप्पा: ०.९६ × २.४६/१.२० × ln(२.४६/०.०१२६) ≈ १.९७ × ५.२७ = १०.४ तास. एकूण १२.६ तास.

आता नीट बघा. दर फक्त दहा टक्क्यांनी घसरला, पण वेळ दोन तासांहून जास्त वाढला. स्थिर टप्प्यातली वाढ बारा-तेरा मिनिटांची; बाकी सगळी घटत्या टप्प्यातली. त्यातली सुमारे निम्मी वाढ Xe ०.०३ वरून ०.०४ वर गेल्याची आहे, कारण आपलं लक्ष्य ०.०५२६ आणि समतोल यांच्यातलं अंतरच जवळजवळ निम्मं झालं. कांदा शेवटपर्यंत ट्रेमध्ये न ठेवता मध्येच काढून खोल पेटीत, मंद आणि अधिक कोरड्या हवेवर पूर्ण वाळवतात, त्यामागे हाच हिशेब.

प्रश्न ३. नंदुरबारची मिरची

पथारीवर पसरलेली लाल मिरची. सुरुवातीला ओलावा ७५ टक्के. दोन दिवसांनंतर X = १.६४. Xe = ०.०८. पूर्ण वाळवणी घटत्या दराने, (X − Xe)/(Xi − Xe) = exp(−kt) प्रमाणे होते असं धरा. ओलावा १० टक्क्यांवर यायला किती दिवस?

मिरचीचं साल मेणचट. पाणी देठाकडून आणि सालीतून कष्टाने निघतं. त्यामुळे वक्रात आडवी रेघ शोधत बसू नका.

k: १.५६/२.९२ = ०.५३४, ln = −०.६२७, म्हणून k = ०.३१४ प्रतिदिन. १० टक्के म्हणजे X = ०.१११. (०.१११ − ०.०८)/२.९२ = ०.०१०६, ln = −४.५४. वेळ सुमारे १४.५ दिवस.

हाच प्रश्न स्थिर दराने सोडवणारा विद्यार्थी म्हणतो: दोन दिवसांत १.३६ गेलं, म्हणजे रोज ०.६८, उरलेलं धरून सव्वाचार दिवस पुरे. चौथ्या दिवशी मिरचीत X अजून ०.९१ आहे, म्हणजे जवळजवळ ४८ टक्के ओलावा. ती पोत्यात भरली तर बुरशी नक्की.

प्रश्न ४. रावेर-यावलची केळी

केळीच्या ४ मिमी चकत्या जाळीवर, दोन्ही बाजूंनी हवा. Xi = ३.०, Xf = ०.२५, Xe = ०.०५, विसरण गुणांक D = ४ × १०⁻¹⁰ मी²/से. वेळ काढा. चकती ६ मिमी केली तर? आणि ४ मिमीचीच चकती जाळीऐवजी बंद तळाच्या ट्रेवर ठेवली तर?

MR = (8/π²) exp(−π²Dt/4L²)

MR म्हणजे प्रश्न ३ मधलंच (X − Xe)/(Xi − Xe). L ही अर्धी जाडी, पण दोन्ही बाजूंनी वाळत असेल तरच. साखरेने घट्ट झालेल्या गरातून पाणी विसरणाने येतं. हा सुद्धा घटत्या दराचाच प्रकार.

MR = ०.२०/२.९५ = ०.०६७८. ८/(π² × ०.०६७८) = ११.९६, ln = २.४८. ४L²/(π²D) = ४ × (०.००२)²/(९.८७ × ४ × १०⁻¹⁰) = ४०५३ सेकंद. वेळ = ४०५३ × २.४८ ≈ १०,०५० सेकंद, २.८ तास.

६ मिमी: L १.५ पट, वेळ २.२५ पट, ६.३ तास. बंद तळ: एकच बाजू उघडी, म्हणून L पूर्ण ४ मिमी, वेळ चौपट, ११.२ तास. परीक्षेत चित्र काढून वाटा दाखवा. जाळी की तळ, हे प्रश्नात एका शब्दात लपवलेलं असतं.

स्वतः सोडवा

प्रश्न १ च्या ट्रेमध्ये पीठ दुप्पट, २ किलो थापलं. Rc, Xc, Xe तेच धरा. १५ टक्क्यांपर्यंतचा वेळ किती? (उत्तर: ५.५७ तास.) पण जाड थराचा Xc खरंच १.५ च राहील का, वाढेल, की कमी होईल? दोन ओळींत कारण लिहा आणि Xc = १.८ धरून वेळ पुन्हा काढा. (उत्तर: १.२ + ५.३ = ६.५ तास.)