साप चावला तर आधी दवाखाना

नमस्कार मंडळी. आज्ज्या पुढे या, खाली ओल आहे, सतरंजीवर बसा. पोरांनो, दारातली गर्दी जरा मोकळी करा, वारा येऊ द्या.

गेल्या महिन्यात वाडीतलं एक लेकरू गेलं. ते घर इथून दिसतंय आणि ती माऊली आज इथे आलेली नाही. तेव्हापासून तुमच्यातल्या कितीतरी जणांना रात्री झोप लागत नाही, हे मला आशाताईंनी सांगितलं. चार दिवसांत भात लावणीला बायका चिखलात उतरतील. म्हणून आज बीपी, शुगर तपासायच्या आधी मी सापाविषयी बोलणार आहे. त्या घरच्यांची चूक होती असं कुणी म्हणू नका. पोराला काय झालंय हे कुणालाच कळलं नव्हतं. का कळलं नाही, तेच आधी सांगतो.

आपल्याकडे माणसाच्या जिवाला धोका मुख्यतः चार सापांचा: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. बाकी धामण, दिवड, तस्कर हे बिनविषारी. घोणस चावली तर आग होते, पाय सुजतो, माणूस ओरडतो, घर जागं होतं. मण्यारीचं तसं नाही. ती रात्री फिरते. उंदराच्या, पालीच्या मागे घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते. तिचे दात इतके बारीक की डास चावल्यासारखं वाटतं. कित्येकदा खूणही दिसत नाही. माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो.

मग पहाटे पोटात कळ येते, उलटी होते. घरचे म्हणतात, रात्रीचं काही बाधलं असेल. ओवा देतात, पोट शेकतात. तेवढ्यात पापण्या जड होतात. हे नीट ऐका, कारण घरी ओळखता येईल अशी सगळ्यात मोठी खूण हीच आहे. माणूस जागा असतो, पण डोळे उघडत नाहीत. वर बघ म्हटलं तर कपाळाला आठ्या पडतात आणि पापणी खालीच राहते. मग बोलणं जड होतं, थुंकी गिळता येत नाही, मान टाकतो. पावसाळ्यात पहाटे कुणाचं पोट दुखतंय आणि पापण्या मिटतायत असं दिसलं, तर साप दिसला नसला तरी मण्यार समजा आणि निघा.

एका ताईंची गोष्ट सांगतो. पहाटे पाच वाजता त्यांना आणलं तेव्हा डोळे मिटलेले, हातपाय सैल, श्वास अगदी वरवर. सासरे म्हणाले, गेली हो डॉक्टर. मी तोंडात नळी घातली. आमच्याकडे व्हेंटिलेटर नाही, म्हणून रबरी फुगा हाताने दाबत दाबत आम्ही जिल्ह्याच्या रुग्णालयात गेलो. मी दमलो की सिस्टर, सिस्टर दमल्या की मी. चौथ्या दिवशी त्यांचा श्वास त्यांचा त्यांना येऊ लागला. नंतर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर, मामंजी गेली म्हणाले ते मी ऐकत होते. मला हाक द्यायची होती, पण ओठ हलत नव्हते." हे विष नसांचा आणि स्नायूंचा संबंध तोडतं. माणूस आतून जागा असतो. त्याला श्वास पुरवत राहिलं की शरीर सावरतं. म्हणून हालचाल थांबली म्हणजे माणूस संपला, असं घरी बसून ठरवू नका.

आता मघाशी एका बाबांनी विचारलं, मग मांत्रिकाकडे नेलेली माणसं बरी कशी होतात? बाबा, बरोबर विचारलंत. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. अशी माणसं देवळात बसवली तरी बरी होतात आणि घरी बसवली तरी बरी होतात. ज्याच्या अंगात खरं विष गेलंय, त्याचा मात्र तिथे एक तास जातो, दोन तास जातात. तुमच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. अंगारा लावायचाच असेल तर गाडीत बसल्यावर लावा. गाडी थांबवू नका. कडुलिंबाचा पाला किंवा मिरची चावायला देऊन विष कळत नाही. उलट गिळता येत नसेल तर ते घशात अडकतं.

चावलेल्या जागी ब्लेड मारू नका. घोणस, फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही, कापलेली जागा वाहतच राहते. तोंडाने ओढू नका, बर्फ नको, चुना नको. दोरी आवळून बांधू नका, पाय काळा पडतो. कुणी आधीच बांधली असेल तर वाटेत सोडू नका. आम्ही औषध तयार ठेवून हळूहळू सोडतो.

मग करायचं काय? जोडवी, अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढा, सूज आली की ते रुततात. हात किंवा पाय मोडल्यावर जसा काठीला बांधतो तसा सैलसर बांधा. त्याला चालवू नका, पळवू तर नकाच, हालचालीने विष लवकर पसरतं. उलटी होत असेल तर कुशीवर निजवा. १०८ ला फोन लावा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मोटरसायकल चालेल, पण रुग्ण मधे आणि त्याला धरायला मागे एकजण. कुणीतरी सतत बोलत राहा त्याच्याशी. "आपण निघालोय, इंजेक्शन आहे तिथे," एवढं सांगितलं तरी त्याची छाती धडधडायची कमी होते.

साप मारून आणायची गरज नाही. या चारही सापांवर एकच इंजेक्शन चालतं. घोड्यांच्या रक्तापासून ते बनवतात, आपल्या मुंबईच्या हाफकिनमध्येही बनलंय. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. विषाची लक्षणं दिसली की आम्ही सलाइनमधून साधारण दहा बाटल्यांपासून सुरुवात करतो. लहान मुलालाही तेवढंच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. कधी त्याने थंडी वाजते, अंगावर गांध्या येतात. घाबरू नका, त्यावरचं औषध हाताशी ठेवूनच आम्ही ते देतो. म्हणूनच ते घरी टोचून घेता येत नाही.

आल्याबरोबर इंजेक्शन दिलं नाही म्हणून चिडू नका. काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन आम्ही वीस मिनिटं न हलवता ठेवतो आणि मग तिरपं करून बघतो. गोठलं नसेल तर विष चढलंय. काहीच दिसलं नाही तरी चोवीस तास थांबवून घेतो. भांगलण पडली असेल, म्हैस दोहायची असेल, मला कळतं. तरी थांबा.

घरासाठी दोनच गोष्टी. शक्यतो खाटेवर झोपा. खाट नसेल तर जमिनीवर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचा. डासासाठी घेतलेली तीच जाळी मण्यारीलाही अडवते. आणि रात्री परसात जाताना बॅटरी घ्या. लाकडं, गोवऱ्या उचलताना आधी काठीने हलवा.

आता दादा, तुम्ही पुढे या. इथे आडवे व्हा. ताई, ती बांबूची काठी आणि तुमची ओढणी द्या. पाय कसा बांधायचा ते आधी मी दाखवतो, मग तुमच्यातल्या चौघीजणी बांधून दाखवतील.