आबा, हे पत्र हळू वाचा

वुडसाइड, क्वीन्स, न्यूयॉर्क
18 जानेवारी 2026, रविवार

तीर्थरूप आबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

हा शब्द बाबांनी फोनवर सांगितला आणि मी तीन कागद खराब केले. आता पुढचं सगळं मी एकटी लिहिते. बाबांना दाखवणार नाही. ते दुरुस्त करतील, मग पत्र त्यांचं होईल.

पहिलं एक विचारायचं आहे. तुम्हाला तुम्ही लिहू का तू? घरी मी आईला तू म्हणते, बाबांना पण तू. तुम्ही म्हणायला इकडे माझ्याजवळ कोणी नव्हतं. म्हणून ते मला नीट येत नाही. मी तुम्ही सुरू करते. मध्ये तू झालं तर रागवू नको. नका.

तुम्ही विचारलं होतं, शहरात एकटी कशी राहते. एकटी नाही. आम्ही तीन मुली आहोत. घर चौथी मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. माझा खोली लहान आहे, पण एक मोठा खिडकी आहे. (खिडकी तो का ती? बाबा म्हणतात, कानाला कळतं. माझ्या कानाला नाही कळत.) भाडं सांगत नाही. तुम्ही लगेच रुपयात करणार आणि जेवणार नाही.

खिडकीखाली लोखंडाची एक पेटी आहे. त्याच्यात खालून वाफ येते, त्याने घर गरम होतं. रात्री ती वाजते. कोणीतरी आत बसून हातोडी मारतो असं. इथे नियम आहे, 1 ऑक्टोबर ते 31 मे घरमालकाने घर गरम ठेवायचं. आमचा मालक इतकं गरम ठेवतो की बाहेर बर्फ पडतो आणि आम्ही खिडकी उघडून झोपतो. आईला सांगू नका.

आता ट्रेन. हे तुम्हाला आवडणार, म्हणून जास्त लिहिते.

माझ्या ट्रेनचं नाव सात आहे. नाव नाही, नंबर. माझं स्टेशन 69 स्ट्रीट. मी हे आकड्यात लिहिते, कारण मला चाळीसनंतर सगळं मिक्स होतं. एकोणसाठ म्हणजे साठच्या जवळ, मग तो पन्नासमध्ये का राहतो? तुम्ही तर आयुष्यभर तिकीट विकले, पटापट पैसे मोजले. मला एकदा शिकवा.

क्वीन्समध्ये ही ट्रेन वर चालते, रस्त्याच्या डोक्यावर, लोखंडाच्या खांबांवर. खाली दुकानं, बस, माणसं. ट्रेन आली की खाली सगळे बोलायचं थांबतात, ती गेली की तिथूनच वाक्य पुढे सुरू करतात. बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी पण रुळातून पाणी डोक्यावर पडतं. मग पुढे ट्रेन जमिनीत जाते आणि नदीच्या खालून मॅनहॅटनला निघते. माझं ऑफिस तिकडे आहे.

आणि आबा, इथे पण फास्ट आणि स्लो आहे! सकाळी फास्ट माझ्या स्टेशनवर थांबत नाही. समोरून जाते, आतली माणसं दिसतात, मला खूप राग येतो. तुम्ही सांगायचे ना, करी रोडला फास्ट थांबत नाही, म्हणून लालबागची माणसं दादरला शिव्या देत उतरतात. मी रोज मनात ती गोष्ट ऐकते. तिकीट मात्र नाही. तुमची पुठ्ठ्याची तिकिटं माझ्या डब्यात अजून आहेत, चार. इथे पिवळं कार्ड होतं, ते पण नवीन वर्षापासून मिळत नाही. फोन दाखवला की दांडा फिरतो. खिडकीत बसून कोणी तारीख विचारत नाही.

स्टेशनखाली सकाळी बायका मोठ्या पातेल्यातून मक्याचं काहीतरी विकतात, पानात बांधलेलं. आपल्या पातोळ्यासारखं, पण तिखट. थोडं पुढे नेपाळी लोक मोमो विकतात. 74 स्ट्रीटला कढीपत्ता आणि कोकम मिळतं. दुकानदार बंगाली आहे. मी त्याला 'आमसूल' म्हणाली, त्याने मला आंबा दिला.

आता जे सांगायला लिहायला बसली ते लिहिते.

गणपतीत मी फोन केला होता, सगळे होते. काकूने विचारलं, सकाळी ऑफिसला कशी जातेस. मी म्हणाली, मी रोज पळून जाते. सगळे खूप हसले. काकू म्हणाली, कोणाबरोबर गं? मला कळलंच नाही. नंतर आईने सांगितलं. मला हसण्याचं वाईट नाही वाटलं, खरंच. आता मी पण हसते. पण तेव्हा तू फोन घेतला आणि म्हणालास, इट्स ओके बाळ, टेल मी इन इंग्लिश. आणि मग मी इंग्लिशमध्ये सांगितलं, आणि तुम्ही यस, यस, व्हेरी गुड म्हणाले. त्यानंतर मी फोन कमी करते. तुम्हाला वाटलं असेल कामात आहे. काम आहे, पण एवढं नाही.

माझ्या शेजारी एक आजी राहते, इक्वाडोरची. तिला इंग्लिश जवळजवळ येत नाही. मला स्पॅनिशचे वीस शब्द येतात. एका रविवारी मी तिला पोहे दिले. तिने विचारलं, आर्रोस? म्हणजे तांदूळ? मी हो म्हणाली, पण चपटा कसं सांगायचं ते माहीत नव्हतं. (मराठीत तरी चपटा बरोबर आहे का? का सपाट?) मी दोन हात एकावर एक मारले, जोरात. ती बघत राहिली. मी परत मारले. ती दारात ताटली घेऊन उभी, पोहे गार होतात, पण ती आत गेली नाही. मग एकदम म्हणाली, आऽऽ! आणि तिने पण हात मारले.

ती माझ्यासाठी थांबते, आबा. तिला दुसरा रस्ता नाही म्हणून थांबते, हे मला कळतं. तुमच्याकडे दुसरा रस्ता आहे, आणि तुम्ही प्रेमाने तो घेता, मला त्रास नको म्हणून. पण इंग्लिशमधला आबा मला ओळखीचा नाही. तो फक्त व्हेरी गुड म्हणतो. मराठीतला आबा चिपळूणच्या पडवीत बसून चाळीतल्या नळाची भांडणं सांगतो, तो मला पाहिजे. मला सगळं नाही कळत. अर्धं कळतं. अर्धं पण खूप आहे.

म्हणून फोनवर मी अडकली तर काही बोलू नका. थांबा. लाइन कट झाली असं समजू नका, मी शब्द शोधते.

हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा बाबांना सांगा, मग मी फोन करते. रविवारी, माझे सकाळचे नऊ, तुमचे संध्याकाळचे साडेसात. तुम्ही उत्तर पण लिहा, मराठीत, पण अक्षर मोठं काढा. मागच्या वाढदिवसाच्या कार्डावर एक शब्द आहे, तो मी आणि आई दोघींना वाचता नाही आला. 'चि.' नंतरचा नाही, त्याच्या खालचा.

गुडघा कसा आहे? गोळी जेवणानंतर घ्यायची, आधी नाही. काकूला नमस्कार. तिला सांगा, मी अजून कोणाबरोबर पळून गेली नाही.

तुझी
तुमची
सई