डिचोली तालुक्यातील घरगुती भक्तिपर हस्तलिखितांचे डिजिटायझेशन : अनुदानासाठी अर्ज

प्रति,
हस्तलिखित संवर्धन अनुदान निवड समिती

अर्जदार : नोंदणीकृत ग्रामवाचनालय, डिचोली तालुका, गोवा
मागणी : ₹९,००,०००
कालावधी : ऑक्टोबर ते मे, ८ महिने

महोदय,

तालुक्यातल्या १४ घरांतील १४० पोथ्या व बाडांची आम्ही नोंद केली आहे. पृष्ठे सुमारे १८,०००. त्यांत सोहिरोबानाथ आंबिये यांची पदे आहेत, आख्याने आणि आरत्या आहेत, आणि ग्रामदैवतांवरची अशी पदेही आहेत जी आम्हांला कुठल्याच छापील संग्रहात मिळाली नाहीत. मजकूर बहुतेक बालबोध लिपीत आहे, मधल्या नोंदी मोडीत.

हे काम आताच का

जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागात, सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, तेव्हा लिहिलेलेही बरेच नष्ट झाले. त्या काळातल्या कथांची रोमी लिपीतली हस्तलिखिते आज पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. डिचोली, पेडणे, सत्तरी हे भाग पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले, म्हणून इथल्या देवघरांत पोथ्या टिकल्या. आता त्यांना वाळवी, कसर आणि आमचा पावसाळा संपवत आहे.

एका बाडाची अवस्था सांगतो. शिवण सुटली आहे, कडा हात लावताच गळतात. पहिल्या पानावर हळद-कुंकू, पुढे समईच्या तेलाचे डाग. पदांच्या शेजारी समासात ताल लिहिले आहेत आणि मधल्या दोन पानांवर मोडीत भाताच्या उसनवारीचा हिशेब आहे. हे डाग आम्ही पुसणार नाही. कुठले पान किती वेळा उघडले गेले, कुठले पद सर्वांत जास्त गायले गेले, हे त्यांच्यावरूनच कळते. चित्रणही रंगीतच होईल. कृष्णधवल प्रतीत तेलाचा डाग आणि ओलीचा डाग सारखेच दिसतात.

उद्दिष्टे आणि पद्धत

प्रत्येक पृष्ठाची अभ्यासयोग्य प्रत, सर्व १४० नगांची मराठी सूची आणि मूळ पोथीचे घरच्या घरी जतन, ही तीन उद्दिष्टे आहेत. पोथी घराबाहेर जाणार नाही. ही मालकांची अट आहे आणि आम्हांला ती रास्त वाटते, कारण यांतल्या कित्येक पोथ्या आजही श्रावणात वाचल्या जातात. कॅमेराच त्यांच्याकडे जाईल. सपाट स्कॅनरवर शिवण दाबली जाते, म्हणून पोथी इंग्रजी व्ही आकाराच्या आधारावर अर्धवट उघडून वरून ४०० डीपीआयने चित्रण होईल, सोबत रंगपट्टी ठेवून. पावसाळ्यात पोथ्या उघडणार नाही.

मालकी कुटुंबांचीच राहील. घरगुती हिशेब किंवा गुरूकडून मिळालेला मंत्र खुला करायचा की नाही, हे तेच ठरवतील.

खर्चामागचा हिशेब

नाजूक पानांचा वेग दिवसाला १५० पृष्ठे धरला आहे, म्हणजे चित्रणाचे १२० दिवस. उरलेले दिवस तपासणी व फेरचित्रणासाठी. छायाचित्रकार (महिना ₹२२,०००) व साहाय्यक (₹१५,०००) यांचे ८ महिन्यांचे मानधन ₹२,९६,०००. जतनतज्ज्ञ ४० दिवस, दिवसाला ₹३,००० प्रमाणे ₹१,२०,०००. मोडी वाचन व सूची, प्रत्येक नगास ₹७००, एकूण ₹९८,०००. कॅमेरा, स्टँड, दिवे ₹२,१०,०००. ही सामग्री पुढे शेजारच्या तालुक्यांतल्या कामाला देऊ. डिस्क व संगणक-साहित्य ₹५६,०००, आम्लविरहित पेट्या ₹७०,०००, पाच वर्षांच्या क्लाउड साठवणुकीची तरतूद ₹५०,०००. पृष्ठामागे ₹५० पडतात. चित्रण घाईने उरकले तर हा आकडा कमी दिसेल, पण पाने फाटतील. जागा, वीज आणि प्रवास वाचनालय करेल.

जतनाची योजना

मूळ पोथीची फाटलेली पाने जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीने जोडली जातील; चिकटपट्टी व लॅमिनेशन पूर्ण वर्ज्य. लाल फडक्याची रीत चालू राहील, फक्त कापड धुतलेले, रंग न जाणारे असेल. पेटी बाहेरच्या भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उंच ठेवायची, आणि चवथीच्या आधी व दिवाळीनंतर उघडून पाहायची, हे प्रत्येक घरातल्या एका तरुण माणसाला शिकवू.

मूळ टिफ फाइली सुमारे १.३ टीबी होतील. एक प्रत वाचनालयात, दुसरी तालुक्याबाहेर, तिसरी क्लाउडवर. फाइलचे नाव `DCH03_017_042a.tif` असे: घर ३, पोथी १७, पान ४२, पहिली बाजू. दरवर्षी चेकसम जुळवून फाइल बिघडली नाही ना ते पाहू, पाच वर्षांनी डिस्क बदलू. तो खर्च वाचनालयाच्या वार्षिक अंदाजपत्रकात धरण्याचा ठराव झाला आहे.

प्रत्येक घराला त्यांच्या पोथीची पेनड्राइव्ह व वाचता येईल अशी छापील प्रत मिळेल, म्हणजे पारायणाला नाजूक पान उलटावे लागणार नाही.

सोबत : १४ संमतीपत्रे, नगांची यादी, सामग्रीची दरपत्रके, ठरावाची प्रत.

आपला विश्वासू,
सचिव, ग्रामवाचनालय