31 मार्च 2026 च्या तीन अ‍ॅडजस्टमेंट एन्ट्र्या, आजच पास कर

अगं, ट्रायल बॅलन्स बघितला, टॅली होतोय पण त्यावरून लगेच नफा-तोटा काढू नको. कच्चा नफा 6,82,300 दिसतोय तो खरा नाहीये, तीन एन्ट्र्या राहिल्यात. तिन्ही जर्नलला, F7, तारीख 31-3-2026.

पहिली मजुरीची. आपली सुट्टी गुरुवारची, त्यामुळे हप्ता शुक्रवार ते बुधवार आणि पगार बुधवारी संध्याकाळी. यंदा तो बुधवार नेमका 1 एप्रिल, म्हणजे 27 ते 31 मार्च असे पाच दिवस काम झालंय पण पैसे नवीन वर्षात गेलेत. मस्टरवर पाचही दिवस 14 जण पूर्ण हजर आहेत, रोज 650 ने दिवसाचे 9,100.

मजुरी खाते नावे 45,500
अदत्त मजुरी खात्याला 45,500
(27 ते 31 मार्चची मजुरी देणे बाकी)

आता 1 एप्रिलचं 54,600 चं पेमेंट तू सगळं मजुरीला टाकलंयस ना, ते उघड आणि 45,500 अदत्त मजुरीला नावे कर, मजुरीला फक्त 9,100. नाहीतर हेच पाच दिवस पुढच्या वर्षीही खर्चात येतील.

दुसरी, आगीच्या विम्याची. पॉलिसी 1 डिसेंबर ते 30 नोव्हेंबर, चेक 43,070 चा गेलाय पण त्यात 6,570 जीएसटी आहे, त्याचं क्रेडिट घेतलंय म्हणून तो इथे धरायचा नाही. उरले 36,500, म्हणजे दिवसाला बरोबर शंभर (असं सोपं गणित दरवर्षी मिळत नाही). मार्चअखेर 121 दिवस संपले, 244 शिल्लक.

पूर्वदत्त विमा खाते नावे 24,400
विमा हप्ता खात्याला 24,400
(1 एप्रिल ते 30 नोव्हेंबर 2026 चा विमा)

तिसरी, वरच्या मजल्याचं भाडं. भाडेकरूने जानेवारी ते जून सहा महिन्यांचे 1,08,000 एकदम दिले आणि आपण सगळे उत्पन्नात धरले. शेठ म्हणतील पैसे तर बँकेत आलेत, मग उत्पन्न का कमी करता, तर एप्रिल-मे-जून जागा अजून वापरायला द्यायचीय, तोपर्यंत ते आपलं देणंच.

भाडे उत्पन्न खाते नावे 54,000
आगाऊ मिळालेले भाडे खात्याला 54,000
(एप्रिल ते जून, महिना 18,000)

डिपॉझिटचं लेजर वेगळंच आहे, त्याला हात लावू नको. आगाऊ भाडं आणि अदत्त मजुरी दोन्ही करंट लायबिलिटीजमध्ये, पूर्वदत्त विमा करंट अ‍ॅसेट्समध्ये. मागच्या वर्षीचं कुठलं लेजर चुकून इनडायरेक्ट इन्कमखाली असेल तर ग्रुप बदल, नाहीतर एन्ट्री करूनही नफा तिथल्या तिथेच राहील.

हे झाल्यावर नफा 6,07,200 आला पाहिजे. आला की बॅकअप घे आणि सीए साहेबांना पाठव, घसारा ते लावणार आहेत.