विषय: कालच्या मुलाखतीतल्या रेग्युलरायझेशनच्या उत्तराची दुरुस्ती

नमस्कार देशपांडे मॅडम,

काल दुपारी पवईच्या ऑफिसात डेटा सायंटिस्ट पदासाठी माझा टेक्निकल राउंड झाला. त्यात मी एक उत्तर चुकीचं दिलं, आणि तेही ठासून.

तुमचा प्रश्न होता: कर्ज थकण्याचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलमध्ये मासिक आणि वार्षिक उत्पन्न असे दोन्ही कॉलम राहून गेले, तर एल-2 लावल्यावर काय होईल? मी म्हटलं, त्यातल्या एकाचा वेट शून्य होईल. तुम्ही "नक्की?" असं विचारलंत, तेव्हाच थांबायला हवं होतं. चूक लक्षात आली ती कांजूरमार्गला लोकलची वाट बघताना.

एल-2 तसं करत नाही, उलट वेट वाटून देतं. स्केलिंगनंतर हे दोन्ही कॉलम एकसारखेच होतात. दोघांचा मिळून वेट 2 हवा असेल, तर (2, 0) ला पेनल्टी 4 बसते आणि (1, 1) ला फक्त 2. म्हणून एल-2 निम्मं-निम्मं करतं. एल-1 ला मात्र दोन्ही वाटण्या सारख्याच, दोन्हीकडे पेनल्टी 2. रात्री घरी चालवून पाहिलं (x स्केल केलेला, y = 2x):

```python
X = np.column_stack([x, x])
Ridge(alpha=1.0).fit(X, y).coef_
Lasso(alpha=0.1).fit(X, y).coef_
```

रिजने जवळपास 1 आणि 1 दिले, लॅसोने 1.9 आणि 0. पण लॅसोने पहिला कॉलम ठेवला तो गुणवत्तेवर नव्हे. सॉल्व्हरने त्याला आधी हात लावला एवढंच. त्यामुळे "लॅसोने काढला म्हणजे कॉलम बिनकामाचा" हे माझं पुढचं वाक्यही टिकत नाही.

वेट शून्यापर्यंत का जातो, याचं कारणही मी गुळमुळीत सांगितलं होतं. वेट शून्याजवळ येईल तसा एल-2 चा रेटा कमी होत जातो, म्हणून तो शून्याला टेकत नाही. एल-1 चा रेटा शेवटपर्यंत तेवढाच राहतो. डेटाची ओढ त्याहून कमी पडली की वेट थेट शून्य.

अशा जोडीत मी आता आधी एक कॉलम हातानेच काढेन. जिथे एकमेकांशी जोडलेले कॉलम बरेच आहेत आणि काही गाळायचेही आहेत, तिथे दोन्ही पेनल्टी एकत्र असलेलं इलॅस्टिक नेट वापरून बघेन.

या मेलचा निर्णयावर परिणाम व्हावा असं मला वाटत नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण ते उत्तर तसंच राहू देणं जास्त खटकत होतं. आपण वेळ दिलात, त्याबद्दल आभार. वरचं पूर्ण नोटबुक सोबत जोडलं आहे.

आपला,
निखिल सावंत