संस्थेचे वार्तापत्र : ऑगस्ट

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार. लिफ्टजवळ चिकटवलेले कागद, वॉचमनच्या वहीतील नोंदी आणि व्हॉट्सॲप समूहावर 'सुप्रभात'च्या खाली गडप झालेल्या सूचना येथे एकत्र केल्या आहेत. ज्यांना सवड नाही त्यांनी ठळक तारखा तेवढ्या पाहाव्यात.

कूलर आता रिकामे करावेत

उन्हाळा सरून दोन महिने झाले, तरी 'बी' इमारतीच्या सात गॅलऱ्यांतील कूलरमध्ये पाणी तसेच आहे. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, तर अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणून नुसते पाणी ओतून न देता टाकी आतून घासावी, कारण अंडी कडेला चिकटून राहतात व कोरडी पडूनही टिकतात. वाळ्याचे ताटे काढून वाळवावेत. कुंड्यांखालच्या बशा आणि गच्चीवरचे जुने टायर यांनाही हेच लागू आहे (टायर कोणाचे, हे अद्याप कोणी सांगितलेले नाही). १६ ऑगस्टला समितीचे दोन सदस्य पाहणीस येतील.

पाणी बंद

रविवार, २३ ऑगस्ट, सकाळी ९ ते दुपारी ३ : टाक्यांची सफाई. आदल्या रात्री पाणी भरून ठेवावे.

वार्षिक सर्वसाधारण सभा

रविवार, २७ सप्टेंबर, सकाळी १० वाजता, वाहनतळात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ही सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. किमान १४ पूर्ण दिवस आधी रीतसर नोटीस मिळेल; विषय सुचवायचा असल्यास तो ५ सप्टेंबरपर्यंत लेखी द्यावा. गेल्या वर्षी लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय ऐनवेळी निघाला आणि चर्चा दीड तास चालूनही ठराव होऊ शकला नाही, हे कृपया स्मरणात असावे.

थकबाकी

अकरा सदनिकांचे देखभाल शुल्क तीन महिन्यांहून अधिक काळ थकले आहे. उपविधींनुसार थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज आकारता येते. तथापि ३१ ऑगस्टपर्यंत भरणाऱ्यांवर समिती व्याज लावणार नाही. अडचण असल्यास कोषाध्यक्षांशी बोलावे, चर्चा बाहेर जाणार नाही.

कचरा

ओला व सुका वेगळाच द्यावा. पावसात भिजलेला पुठ्ठा गाडीवाले नेत नाहीत, तो जिन्यात ठेवू नये.

तान्हा पोळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सायंकाळी ५ वाजता, बालगोपाळांनी आपापले लाकडी बैल सजवून आवारात आणावेत. बैल मोठा की सजावट चांगली, यावरून गेल्या वेळी पालकांमध्येच वाद झाला, म्हणून यंदा स्पर्धा नाही. प्रत्येकाला खाऊ मिळेल. तोरण बांधण्यास दोघे हवे आहेत.

सापडले

लाल गोंडा असलेला किल्ल्यांचा जुडगा आणि स्टीलचा तीनपुडी डबा वॉचमनच्या खोलीत आहेत. डबा धुऊन ठेवला आहे.

सचिव, व्यवस्थापक समिती