संक्रांतीच्या आठवड्याचा डबा : 13 ते 18 जानेवारी 2025 (सुदामा नगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. या आठवड्यात भोगी, संक्रांत आणि संकष्टी असे तिन्ही सण आल्यामुळे मेन्यू नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. एकदा नीट वाचून घ्या.

सोमवार, भोगी. दुपारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मूगडाळीची खिचडी आणि भोगीची भाजी. भाजीत वांगी, घेवडा, गाजर, मटार, सोलाणे आणि बोरं. वाटणात तीळ-दाण्याचं कूट असतं, म्हणून ज्यांना तीळ किंवा दाणे चालत नाहीत त्यांनी रविवारीच कळवा, तुमची भाजी वेगळी काढते. रात्री पोळी, बटाट्याचा रस्सा, वरण-भात.

मंगळवार, संक्रांत. दुपारी दोन गुळाच्या पोळ्या, वेगळ्या डबीत साजूक तूप, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, मसालेभात. गूळपोळी गरम करू नका, आतला गूळ पातळ होऊन जीभ भाजते. ती गारच खायची, तूप लावून. भवरकुव्याची मुलं दिवसभर गिल्ली-दांडा खेळून येतात, त्यांच्यासाठी सारण सोमवारी रात्रीच करून ठेवते. रात्री हलकं : कढी-खिचडी, पापड.

बुधवार. दुपारी मटारची उसळ, पोळी, भात. रात्री पिठलं, ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी.

गुरुवार. मेथीची भाजी आणि आमटी-भात. रात्री भरली वांगी. गराडू पाठवा म्हणून दर हिवाळ्यात निरोप येतात, पण डब्यात ते मऊ पडतात. गराडू कढईतून काढल्या काढल्या जिरावण भुरभुरून खायचे असतात, म्हणून ते डब्यात देत नाही.

शुक्रवार, संकष्टी. उपास असणाऱ्यांना दुपारी मोरधन, दाण्याची आमटी आणि दही. रात्री चंद्रोदयानंतर सोडायला कांदा-लसूण नसलेला डबा : पोळी, वरण-भात, फ्लॉवर-बटाटा, एक तिळाचा लाडू. उपास नसेल तर दुपारी टोमॅटोचं सार, भात, पोळी आणि कोबीची भाजी. कोणता डबा हवा ते गुरुवारी रात्री आठपर्यंत सांगा.

शनिवार. दुपारी दाल-बाफले. बाफले आधी उकडून मग शेकलेले आणि तुपात बुडवलेले. पोट भरून जातं, म्हणून रात्री फक्त मऊ भात आणि ताक. रविवारी सुट्टी.

दर. एक वेळ, 26 डबे : 2,400 रुपये. दोन्ही वेळा, 52 डबे : 4,400 रुपये. भात-वरण नको, नुसती पोळी-भाजी एक वेळ : 1,800 रुपये. जुन्या लोकांना माहीत आहे की डिसेंबरपर्यंत एका वेळेचे 2,200 होते. सप्टेंबरात खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं, तेव्हापासून तेल चढलं आहे. तीन महिने मी दर तोच ठेवला. तेल कमी करणं किंवा हलकं वापरणं मला जमणार नव्हतं, म्हणून दर वाढवला. आजी-आजोबांचा कमी तिखटाचा, मऊ भाताचा डबा याच दरात. ज्यांची मुलं पुण्या-बंगळूरला आहेत अशा घरी डबा देणाऱ्या मुलाला मी सांगून ठेवलंय : बेल वाजवून दार उघडेपर्यंत थांबायचं.

डबा कुठे पोचतो. सुदामा नगरपासून साधारण चार-पाच किलोमीटर. द्वारकापुरी, अन्नपूर्णा, उषा नगर, लोकमान्य नगर, वैशाली नगर इथे घरपोच. भवरकुव्याच्या होस्टेल आणि खोल्यांना गेटपाशी, एका इमारतीचे सगळे डबे एकदम. राजवाड्याकडच्या दुकानांना आणि ऑफिसांना फक्त दुपारी, तेही एका ठिकाणी पाच डबे असतील तरच. विजय नगरला नाही, तिथे पोचेपर्यंत पोळी कडक होते. दुपारी साडेअकरा ते एक, रात्री साडेसात ते नऊ.

डबा कसा लावायचा.
1. आदल्या रात्री आठच्या आत याच नंबरवर निरोप पाठवा : नाव, पत्ता, जवळची खूण, कोणती वेळ.
2. आधी 100 रुपयांत एक डबा चाखून बघा. तिखट-मीठ, काय चालत नाही, ते तेव्हाच सांगा.
3. पटलं तर महिन्याचे पैसे आणि दोन स्टीलच्या डब्यांचे 500 रुपये डिपॉझिट यूपीआयने किंवा रोख. डबे परत आले की डिपॉझिट परत.
4. रिकामा डबा विसळून पुढच्या फेरीला द्या.

सुट्टी आदल्या रात्री आठपर्यंत कळवली तर तो डबा पुढे धरला जातो. महिना तारखेने नाही, डब्यांच्या संख्येने मोजते, म्हणून गावी गेलात तरी पैसे बुडत नाहीत. सकाळी कळवलं तर मात्र कणीक मळून झालेली असते, तो डबा दिला असंच मोजलं जाईल.

सध्या 45 डबे जातात, हाताला आणखी सहा झेपतील. संक्रांतीच्या गूळपोळ्या मोजून करते, तेव्हा सोमवारच्या आत नाव द्या.

— तुमची काकू